मांजराच्या अंगाला कापूर-तेल चोळू नका. बैलाला चालतं ते मांजराला का चालत नाही, वाचा सविस्तर

पावसाळा सरत आला की मांजरांच्या अंगात पिसवा होतात. खाजवून खाजवून मांजर हैराण होतं, घरातल्या माणसांच्याही पायाला पिसवा चावायला लागतात. मग कुणीतरी जुना उपाय काढतं. वाटीभर खोबरेल तेल कोमट करायचं, त्यात कापराच्या चार-पाच वड्या विरघळवायच्या आणि ते तेल मांजराच्या अंगाला चोळायचं. उपाय घरचा, खर्च दहा-वीस रुपयांचा. पण याच उपायाने मांजराचा जीव जाऊ शकतो, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

एका वस्तीवरच्या घरात असंच घडलं. घरात ज्वारीच्या कणग्या आणि सोयाबीनची पोती, त्यामुळे उंदीर फार. उंदरांचा बंदोबस्त करणारी तीन किलो वजनाची एक मांजरी होती आणि तिला दोन पिल्लं होती. संध्याकाळी आजींनी मांजरीला मानेपासून शेपटीपर्यंत कापूर-तेल चोळलं. अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. ती सारखं अंग चाटत होती. घरच्यांना वाटलं, तेलाचा वास आवडला नसेल. रात्री जेवणं झाल्यावर ती उठली तर मागचे पाय लटपटत होते. कान आणि कातडी थरथरत होती. पहाटे तिला झटके आले. पिल्लं रात्रभर तिच्या कुशीत होती, त्यातलं एक सकाळी गार पडलेलं सापडलं.

सुनेने मांजरीला टॉवेलात गुंडाळून तालुक्याच्या गावी पशुवैद्यकाकडे नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, हिच्या अंगाला काय लावलंय?" वासावरूनच त्यांच्या ध्यानात आलं होतं. झटके थांबवायचं इंजेक्शन, मग भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात अंघोळ, शेकोटीजवळ ऊब आणि सलाईन. तिसऱ्या दिवशी मांजरी खायला लागली. उरलेलं पिल्लू वाचलं.

आजींचा प्रश्न मात्र रास्त होता. "डॉक्टरसाहेब, आम्ही हेच तेल बैलाच्या खांद्याला लावतो. लेकराच्या छातीला बाम चोळतो, त्यात पण कापूरच असतो. त्यांना काही होत नाही, मग मांजरीलाच का?"

या एका प्रश्नाच्या उत्तरात अगरबत्ती, कापूर आणि आजकाल घरोघरी यायला लागलेले सुगंधी तेलाचे डिफ्युझर या सगळ्यांचा हिशोब बसतो.

मांजराच्या लिव्हरमध्ये काय कमी आहे

कापूर, नीलगिरीचं तेल, लवंगेचं तेल ही सगळी तेलकट जातीची द्रव्यं आहेत. ती कातडीतून आणि श्वासातून सहज शरीरात शिरतात, पण लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत, कारण लघवी म्हणजे पाणी आणि तेल पाण्यात मिसळत नाही. तेलकट ताट नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो, तसंच हे आहे.

शरीरात साबणाचं काम लिव्हर करतं. साखरेपासून तयार होणारं ग्लुकुरोनिक अॅसिड नावाचं एक द्रव्य ते त्या तेलकट पदार्थाला जोडून देतं. मग तो पदार्थ पाण्यात विरघळतो आणि लघवीतून निघून जातो. कापूर असाच बाहेर पडतो. आधी लिव्हर त्याचं रूप थोडं बदलतं आणि मग हा साखरेचा जोड लावून त्याला बाहेर काढतं.

माणूस, बैल, कुत्रा यांच्याकडे ही जोडणी करणारी यंत्रणा भरपूर आहे. मांजराकडे ती तोकडी आहे. ही जोडणी करणाऱ्या एका महत्त्वाच्या घटकाचा जनुक मांजरात मोडलेला आहे, तो कामच करत नाही. वाघ-सिंहातही तसंच आढळतं. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की मांजराचं कूळ लाखो वर्षं निव्वळ मांसावर जगत आलं. झाडपाल्यातली तिखट-उग्र द्रव्यं पचवायची वेळच आली नाही, म्हणून ती यंत्रणा मोडली तरी त्या कुळाचं काही अडलं नाही.

मांजर अशी द्रव्यं अजिबात बाहेर टाकू शकत नाही असं नाही. दुसऱ्या वाटांनी थोडं थोडं निघतं, पण फार हळू. तोवर ते रक्तात फिरत राहतं, मेंदूवर आणि लिव्हरवर परिणाम करतं. तापाची पॅरासिटामोलची गोळी मांजराला विष ठरते, तेही याच कारणाने. माणसाच्या तापावरची ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे.

आता बैलाचा हिशोब करा. बैल चारशे किलोचा, मांजरी तीन किलोची. बैलाच्या खांद्याच्या हातभर जागेला जेवढं तेल लागतं, तेवढंच मांजरीच्या सगळ्या अंगाला लागलं. म्हणजे वजनाच्या मानाने मांजरीला शंभरपटीहून जास्त कापूर मिळाला आणि तो बाहेर काढायची ताकद मात्र बैलापेक्षा कमी.

लेकराच्या बामाचं म्हणाल, तर तिथेही निर्धास्त राहू नये. कापूर पोटात गेला तर लहान मुलांनाही झटके येतात. जेमतेम एक ग्रॅम कापूर पोटात जाऊन लहान मूल दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. म्हणून कापराची डबी देवघरात खाली ठेवायची वस्तू नाही.

खरा धोका चाटण्यात

मांजराची दुसरी अडचण तिची सवय आहे. मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवतं. अंगावर जे पडेल ते पोटात जातं. तेल चोळल्यावर मांजरी चाटत होती म्हणजे वासाला वैतागली होती एवढंच नव्हे, ती तो कापूर घोट घोट पीत होती. कातडीतूनही शिरला आणि तोंडातूनही गेला.

अशीच एक घटना १९९८ साली पशुवैद्यकांच्या एका नियतकालिकात छापून आली होती. तीन अंगोरा जातीच्या मांजरांना पिसवा झाल्या म्हणून अंगावरचे केस काढून साधारण ६० मिलिलिटर शुद्ध टी ट्री तेल लावलं गेलं. हे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल, आपल्याकडे मुरुमावर आणि कोंड्यावर विकलं जातं. काही तासांत मांजरं गार पडली, पाय लटपटायला लागले, अंग थरथरायला लागलं. उपचार करून दोन वाचली, तिसरं मांजर तीन दिवसांनी मेलं. कारण तेच, पिसवा. चूकही तीच, झाडपाल्याचं उग्र तेल थेट अंगाला.

म्हणून घरातला कुठलाही सुगंध मांजराला कितपत घातक आहे हे ओळखायचं असेल तर एकच प्रश्न विचारायचा. ते द्रव्य मांजराच्या अंगावर, पंजावर किंवा तोंडात किती पोचतं? नुसता वास दूरवरून आला तर धोका कमी. अंगावर बसलं तर जास्त. चोळलं किंवा सांडलेल्या तेलात पाय पडला तर सगळ्यात जास्त.

जळालेला कापूर आणि विरलेला कापूर

आरतीला कापूर पेटवतो तेव्हा त्याचा बराचसा भाग जळून जातो. उरते ती काजळी आणि थोडी वाफ. दारं-खिडक्या उघड्या असतील आणि मांजर बाहेर जाऊ शकत असेल तर दोन मिनिटांच्या आरतीने त्याला विषबाधा व्हायची भीती फार कमी. धुराने डोळे-नाक चुरचुरेल तेवढंच.

विजेवर चालणाऱ्या कापूरदाणीचं मात्र वेगळं आहे. ती प्लगमध्ये लावून डासांसाठी रात्रभर चालू ठेवतात. तिच्यात कापूर जळत नाही, नुसता तापतो आणि जसाच्या तसा वाफ होऊन हवेत जातो. मग तोच कापूर गार जागेवर पुन्हा बसतो. कापराच्या डबीच्या झाकणाला आतून बारीक पांढरे कण चिकटलेले असतात, ते याच कारणाने. बंद खोलीत रात्रभर कापूरदाणी चालली तर तो कापूर अंथरुणावर, फरशीवर आणि तिथे झोपलेल्या मांजराच्या केसांवरही बसतो. म्हणून मांजर ज्या खोलीत झोपतं तिथे कापूरदाणी लावू नये.

आता डिफ्युझर. दिवाळीत भेट म्हणून किंवा ऑनलाइन मागवलेलं हे यंत्र गावातही दिसायला लागलंय. पाण्यात सुगंधी तेलाचे थेंब टाकायचे, यंत्र त्याचा गार धूर सोडतं. तो धूर म्हणजे तेल मिसळलेल्या पाण्याचे बारीक थेंब. ते हवेत तरंगतात आणि मग खाली बसतात. यंत्राशेजारच्या टेबलावर तासाभराने बोट फिरवा, ओलसर-तेलकट लागतं. तोच थर मांजराच्या अंगावर बसतो. बाटलीत काड्या बुडवून ठेवायचा जो प्रकार असतो त्यात थेंब उडत नाहीत, पण बाटली कलंडली तर आतलं तेल एकदम पंजावर येतं. मांजराला फळीवरची वस्तू पंजाने ढकलायची सवय असतेच.

तेलाच्या बाटलीवर "शंभर टक्के नैसर्गिक" लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. लवंग नैसर्गिक आहे, पण लवंगेच्या तेलाच्या छोट्या बाटलीत कितीतरी लवंगांचा अर्क एकवटलेला असतो. टी ट्री, नीलगिरी, लवंग, दालचिनी, पुदिना, पाइन, संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेल आणि गंधपुऱ्याचं तेल ही मांजराला बाधणारी म्हणून पशुवैद्यक सांगतात. यातली बरीचशी आपल्या बामातही असतात. गुडघ्याला बाम चोळून मांजर मांडीवर घेतलं की ते आपला हात नाही तर पाय चाटतं. बाम लावल्यावर हात धुवायचे आणि त्या रात्री मांजराला अंथरुणात घ्यायचं नाही.

अगरबत्तीचा धूर आणि दमा

अगरबत्ती आणि धूप यांचा त्रास वेगळ्या वाटेने होतो. तिथे विषापेक्षा धूर महत्त्वाचा. मांजरालाही माणसासारखा दमा होतो. अशा मांजराला अगरबत्तीचा, धुपाचा, चुलीचा धूर सोसत नाही.

यात गफलत होते ती अशी. दम्याचा खोकला आला की मांजर जमिनीला टेकून बसतं, मान लांब पुढे काढतं आणि खाकरतं. घरच्यांना वाटतं केसांचा गोळा अडकलाय, ओकून टाकेल. पण ओकारी होत नाही, काही बाहेर पडत नाही आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. देवपूजेच्या वेळेनंतर असा खोकला येत असेल तर धुराकडे बघा.

मांजर गाढ झोपलेलं असताना त्याची छाती वर-खाली होते ती पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला तीसच्या आत श्वास असतील तर ठीक. झोपेतही चाळीसच्या वर जात असतील तर डॉक्टरांना दाखवा. आणि मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. मांजरात हे चांगलं लक्षण नाही.

यासाठी पूजा बंद करायची गरज नाही. देवघराची खिडकी उघडी ठेवा, एक अगरबत्ती पुरे आणि ती जळून संपेपर्यंत मांजर दुसरीकडे राहू द्या. मांजराला कोंडून धूप घालणं तेवढं टाळायचं.

डांबरगोळी कापूर नव्हे

कपड्यांच्या पेटीत टाकायच्या पांढऱ्या गोळ्या आणि कापूर दिसायला सारखे. काही घरांत दोन्ही एकाच डबीत असतात. डांबरगोळी नॅफ्थालीनची असते आणि ती कापराहून वेगळं नुकसान करते. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढुरक्या नाहीतर तपकिरी पडतात, आणि हे दिसायला एक-दोन दिवसही लागू शकतात.

ओळखायची खूण सोपी आहे. ग्लासभर साध्या पाण्यात ती वडी टाका. कापूर तरंगतो, डांबरगोळी बुडते. मांजराने गोळी चघळली अशी शंका असेल तर डबीतली दुसरी गोळी अशी तपासून डॉक्टरांना सांगा, त्यांना उपचार ठरवायला मदत होते. हात लगेच धुवा आणि ते पाणी जनावर किंवा लेकरू पिणार नाही अशा जागी टाका.

अंगावर तेल पडलं तर काय करायचं

लाळ गळणं, उलटी, सुस्ती, दारू प्यायल्यासारखं चालणं, कातडी थरथरणं, अंग गार पडणं आणि झटके, ही लक्षणं साधारण या चढत्या क्रमाने दिसतात. मांजराच्या अंगाला किंवा तोंडाला कापराचा, नीलगिरीचा वास येत असेल तर संशय पक्का समजा.

मांजर शुद्धीवर असेल आणि झटके येत नसतील तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा. मग भांडी घासायचा पातळ साबण आणि कोमट पाणी घेऊन अंगावरचं तेल धुऊन काढा. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही, गार पाण्याने मांजर आणखी गारठतं. दोनदा-तीनदा धुवा, चोळून कोरडं करा आणि टॉवेलात गुंडाळा. टॉवेलाने ऊब मिळते आणि चाटणंही थांबतं. झटके येत असतील तर अंघोळीच्या भानगडीत पडू नका, गुंडाळून थेट दवाखान्यात न्या.

उलटी करवू नका. मीठ-पाणी पाजू नका. असं तेल वर येताना फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो आणि विषापेक्षा तोच जीव घेतो. दूधही जबरदस्तीने पाजू नका. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामोल तर अजिबात नको, त्याचं कारण वर आलंच आहे.

दवाखान्यात जाताना तेलाची बाटली, बामाची डबी किंवा उरलेला कापूर सोबत न्या. किती लावलं, किती वाजता लावलं हे खरं सांगा. कापरावर उतारा असं औषध नाही. डॉक्टर झटके आवरतात, अंग गरम ठेवतात, सलाईन देतात, गरज पडली तर ऑक्सिजन लावतात, आणि तेवढ्या अवधीत मांजराचं लिव्हर ते हळूहळू बाहेर काढतं. म्हणून जेवढ्या लवकर अंगावरचं तेल निघेल तेवढं लिव्हरवरचं ओझं कमी. जवळ डॉक्टर कोण हे माहीत नसेल तर पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा.

मग पिसवांचं काय करायचं

वस्तीवरच्या आजींनीही शेवटी हेच विचारलं. डॉक्टरांनी सांगितलेला उपाय असा. बारीक दातांची फणी घ्यायची, मांजराची मान आणि शेपटीचं मूळ रोज विंचरायचं आणि फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. मांजर ज्या पोत्यावर, गोधडीवर झोपतं ती गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात टाकायची. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावर टिकत नाहीत, खाली अंथरुणात पडतात. त्यामुळे अंथरूण न धुता नुसत्या मांजराला कितीही काही लावलं तरी आठवड्याभरात पिसवा परत येतात. एवढ्याने भागलं नाही तर खास मांजरासाठीचं मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांकडून वजनानुसार घ्यायचं.

गोठ्यातलं गोचिडाचं औषध किंवा कुत्र्याचं औषध "थोडंसंच" म्हणून मांजराला लावायचं नाही. त्यातल्या परमेथ्रीनसारख्या औषधाने मांजराला कापरासारखेच झटके येतात, आणि कारणही बहुतांशी तेच, मांजराचं लिव्हर ते वेळेत बाहेर काढू शकत नाही.

त्या घरात आता कापराची डबी वरच्या फळीवर गेली आहे. बैलाच्या खांद्याला तेल लावल्यावर आजी हात साबणाने धुतात, मगच मांजरीला जवळ घेतात.